सॅच्युरेशन ९८, सीओटू ७८

१. बोटावरचा आकडा ऑक्सिजनचा असतो, श्वासाचा नसतो

पावसाळ्यात आमच्या आयसीयूत मण्यार चावलेले रुग्ण येतात. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो. चावल्याची खूण बहुतेकदा सापडत नाही, सूजही नसते. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, मग गिळता येईनासं होतं. असाच एक शेतमजूर आला तेव्हा त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसत होते. त्याचा भाऊ मला पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मॅडम, ऑक्सिजन तर अठ्ठ्याण्णव आहे ना, मग नळी कशाला घालायची?"

प्रश्न अगदी रास्त होता. पण रुग्णाची छाती जेमतेम हलत होती आणि एका दमात त्याला चारपर्यंतही आकडे मोजता येत नव्हते. मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं आणि एबीजीच्या मशीनमधून पट्टी बाहेर आली:

```
pH    7.17
pCO2  78
pO2   168
HCO3  27.7
```

दाबाचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात. कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे आमच्या बोलीतल्या सीओटूचा, दाब निरोगी माणसात ३५ ते ४५ असतो. पीएच ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान असतो. या माणसाच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर होता आणि तरीही त्याचा श्वास बंद पडत चालला होता. मी भावाला पट्टी दाखवून सांगितलं, "ऑक्सिजन आपण बाहेरून देतोय म्हणून तो दिसतोय. आतली घाण हवा बाहेर टाकण्याचं काम त्याच्या छातीलाच करायचं आहे आणि विषाने तिचे स्नायू लुळे पडलेत." नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, सर्पविषावरची लस आधीच सुरू होती. काही दिवसांनी तो स्वतःच्या श्वासावर आला.

मास्क लावलेल्या रुग्णात सॅच्युरेशन सर्वांत शेवटी पडतं. तोवर सीओटूने रुग्णाला गुंगी आणलेली असते आणि नातेवाइकांना वाटतं, दमलेला जीव आता शांत झोपलाय.

२. सीओटू म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या अदलाबदलीचं माप

शरीर सीओटू सतत तयार करतं आणि तो बाहेर काढायचा मुख्य रस्ता श्वासाचाच. तयार होण्याचा वेग तोच राहिला आणि वायुकोशांपर्यंत पोहोचणारी हवा निम्मी झाली, तर सीओटूचा दाब दुप्पट होतो. इतका सरळ हिशोब वैद्यकात फार थोड्या ठिकाणी सापडतो. म्हणून ७८ हा आकडा वाचताना मी मनात म्हणते, याची उपयोगी हवा निम्म्यावर आली आहे. "वायुकोशांपर्यंत पोहोचणारी" हे शब्द मात्र महत्त्वाचे. उथळ आणि जलद श्वासातली बरीचशी हवा श्वासनलिकेतूनच परत फिरते. त्यामुळे मिनिटाला ३५ श्वास मोजले म्हणून अदलाबदल चांगली चालली आहे असं म्हणता येत नाही.

ऑक्सिजनचा आकडा याच्या मागून वाचायचा. समुद्रसपाटीला साधी हवा घेणाऱ्याच्या वायुकोशात ऑक्सिजनचा दाब किती असावा, याचा सोपा अंदाज असा:

```
150 - (pCO2 / 0.8)
```

सीओटू ४० असेल तर उत्तर १०० येतं. सीओटू ७८ झाला तर ते ५२ च्या आसपास येतं. वायुकोशातली जागा सीओटूने अडवली की ऑक्सिजन खाली येणारच, फुप्फुस कितीही धडधाकट असो. आमच्या रुग्णाच्या मास्कमधून अंदाजे ४० टक्के ऑक्सिजन जात होता, म्हणून सूत्रातल्या १५० च्या जागी साधारण २८५ धरायचे. उत्तर १८८ च्या जवळ येतं आणि रक्तात प्रत्यक्ष १६८ होते. मास्कचे टक्के नेमके कधीच नसतात, पण तफावत लहान आहे एवढं नक्की कळतं. म्हणजे फुप्फुसाची पडदी ठीक होती, भाता बंद पडत होता. न्यूमोनियात उलटं असतं. सीओटू कमी असूनही ऑक्सिजन पडलेला असतो आणि तफावत मोठी निघते.

म्हणूनच पट्टीवर ऑक्सिजनचं प्रमाण लिहिलेलं नसेल, तर ऑक्सिजनच्या दाबावर मी मत देत नाही. ८० हा आकडा साध्या हवेवर चांगला आहे, ६० टक्के ऑक्सिजनवर तो फुप्फुस गंभीर आजारी असल्याचं सांगतो.

३. पट्टीआधी सिरिंज बघावी

नमुन्यात हवेचा बुडबुडा राहिला तर रक्त त्या हवेशी वायूंची देवघेव करतं. हवेत ऑक्सिजनचा दाब १५० च्या घरात आणि सीओटू जवळजवळ शून्य. त्यामुळे ५५ चा ऑक्सिजन वर सरकतो, सीओटू खाली येतो आणि आजारी माणूस कागदावर बरा दिसतो. बुडबुडा लगेच काढून सिरिंजला टोपी लावायची. नमुना पडून राहिला तर उलट बिघाड होतो, कारण रक्तातल्या पेशी जिवंत असतात, त्या ऑक्सिजन वापरत राहतात. अर्ध्या तासाच्या आत तो मशीनमध्ये जायला हवा.

सुई शिरेत गेल्याची शंका असेल तर पट्टीवरचं सॅच्युरेशन बोटावरच्या आकड्याशी ताडून बघावं. बोटावर ९५, पट्टीवर ७० आणि रुग्ण आरामात बोलतोय, तर ते रक्त बहुधा शिरेतलं आहे.

४. एकट्या बायकार्बोनेटवरून निष्कर्ष काढू नये

१९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं एकापाठोपाठ दगावत होती. त्यांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड, ज्यातला बहुतेक भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो, वाढलेला सापडे. डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावला की रक्तात अल्कली वाढली आहे. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांचं म्हणणं वेगळं होतं. ही मुलं पुरेसा श्वास घेत नाहीत, सीओटू साचतो आहे आणि रक्त आम्ल झालं आहे, असं ते सांगत होते. २७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. पुढे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. पोल अ‍ॅस्ट्रुप यांच्या प्रयोगशाळेने पीएच मोजला, तेव्हा रक्त खरोखरच आम्ल असल्याचं दिसलं. एक आकडा मोजला जात नव्हता म्हणून दुसऱ्याचा अर्थ उलटा लागत होता.

हा प्रसंग मी नव्या निवासी डॉक्टरांना आवर्जून सांगते, कारण तोच प्रश्न आजही खाटेपाशी उभा राहतो. वर्षानुवर्षं विडी ओढलेले किंवा चुलीच्या धुरात राहिलेले, सीओपीडी झालेले आजोबा किंवा आजी येतात. सीओटू ६० असतो, पण पीएच ७.३४ आणि बायकार्बोनेट ३२. हाच ६० चा सीओटू आज सकाळी चढला असता तर पीएच ७.२६ च्या आसपास मिळाला असता आणि बायकार्बोनेट २६. मूत्रपिंडाला बायकार्बोनेट साठवून आम्लता सावरायला तीन ते पाच दिवस लागतात. म्हणजे ३२ हा आकडा सांगतो की हा ६० जुना आहे, रुग्ण त्याच्यासह घरी हिंडत-फिरत होता. अशा रुग्णाला घाईने व्हेंटिलेटर लावायचा नाही आणि ऑक्सिजनही भरमसाट द्यायचा नाही. सॅच्युरेशन ८८ ते ९२ पुरतं, जास्त ऑक्सिजनने यांचा सीओटू आणखी चढतो. चढलाच तर पीएच पडतो, आणि निर्णय त्या पडलेल्या पीएचवर घ्यायचा, ६० वर नाही.

५. दम लागलेल्याचं दुखणं छातीतच असेल असं नाही

कॉलेजातली एक मुलगी "दम्याचा अटॅक" म्हणून आमच्याकडे पाठवली गेली होती. वाटेत वाफाऱ्याचं औषध दिलेलं होतं. श्वास खोल, एकसारखा, थांबत नव्हता, पण छातीत सूं सूं आवाज नव्हता. साध्या हवेवर सॅच्युरेशन ९९. आई म्हणाली, दोन दिवस उलट्या होत होत्या, काही खात नव्हती, म्हणून इन्सुलिन दिलं नाही.

```
pH    7.12
pCO2  18
pO2   112
HCO3  5.7
```

पीएच आम्ल बाजूला आहे. सीओटूने आम्लता आणली असती तर तो वाढलेला हवा होता, इथे तो १८ वर आहे. म्हणजे आम्लता चयापचयातून आली आहे आणि फुप्फुसं ती कमी करण्यासाठी जिवाच्या आकांताने सीओटू फेकत आहेत. ऑक्सिजन ११२ कसा, तर वरच्याच सूत्राने. सीओटू खाली गेला की वायुकोशात ऑक्सिजनला जागा वाढते. रक्तात साखर ४८० आणि लघवीत कीटोन भरपूर निघाले. मधुमेहातलं कीटोआम्ल हेच निदान.

इथे एक पडताळणी करायचीच असते. अशा आम्लतेत सीओटू किती असायला हवा? बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, दोन इकडे-तिकडे. ५.७ ची दीडपट साडेआठ, अधिक ८, म्हणजे साधारण १७. तिचा १८ होता, म्हणजे श्वास पुरेसा होता. याच पट्टीवर सीओटू ३० असता तर मी जास्त घाबरले असते. तीस हा आकडा एरवी कमीच वाटतो, पण तिच्यासाठी त्याचा अर्थ असा की ती थकली आहे किंवा फुप्फुसातही काही बिघडलं आहे. दम्याच्या जोराच्या अटॅकमध्येही हेच. सुरुवातीला सीओटू खाली जातो, तो तासाभरात ४० वर "नॉर्मल" झाला आणि रुग्ण तसाच धापा टाकतोय, तर पुढची पायरी ६० ची असते.

ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं, "मॅडम, एवढी दमलीये, ट्यूब टाकायची का?" मी नको म्हटलं. भूल दिल्यावर तिचा स्वतःचा श्वास थांबणार, आणि मशीन नेहमीच्या मिनिटाला १४ श्वासांवर लावलं तर सीओटू ४० कडे जाणार. ६ च्या बायकार्बोनेटला ४० चा सीओटू म्हणजे पीएच ६.८ च्या आसपास, हृदय थांबू शकतं. ती शुद्धीवर होती, बोलत होती. सलाइन, इन्सुलिनचं ड्रिप, पोटॅशियमवर नजर आणि दर थोड्या वेळाने एबीजी, एवढंच चालू ठेवलं.

काही तासांनी पट्टीवर सीओटू २६ आला. सीओटू वाढलेला बघून सिस्टरनी लगेच माझ्याकडे पाहिलं. तो थकव्याने वाढला असता तर पीएच आणखी खाली गेला असता. इथे पीएच ७.२४ वर चढला होता आणि बायकार्बोनेट ११ झाला होता. ११ ची दीडपट अधिक ८, साडेचोवीस. २६ त्याच्या हद्दीत बसत होता. कीटोआम्ल ओसरत होतं, म्हणून तिला तितक्या जोराने श्वास घ्यावा लागत नव्हता.