एक अक्षर बदलून बघू : संशयित जनुकीय बदलाची तपासणी

अंजनगाव सुर्जीजवळच्या मेळघाटात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या बीटा-ग्लोबिन जनुकात एका जागी GAG चे GTG झालेले असते. पण रुग्णात एखादा बदल दिसला, म्हणून दोषी तोच, हे कसे ठरवायचे? निरोगी जनुकात फक्त तेवढेच अक्षर बदलून बघायचे.

आधी ते जनुक प्लाझ्मिड या गोल डीएनएत बसवतात. मग २७ अक्षरांचा प्रायमर बनवतात. बदललेले अक्षर मधोमध आणि दोन्ही बाजूंना जुळणारी १३-१३ अक्षरे, म्हणजे तो नीट चिकटतो.

```
CATCTGACTCCTGTGGAGAAGTCTGCC
```

दुसरा प्रायमर समोरच्या धाग्यासाठी असतो. पीसीआरने नव्या प्रती झाल्या, की डीपीएन-वन हे विकर टाकतात. ते जिवाणूतून आलेला, मिथाइलची खूण असलेला जुना डीएनए कापते, नवा सोडते. उरलेला डीएनए जिवाणूंत घालून वसाहती वाढवतात.

वसाहत दिसली म्हणजे झालं, असं नाही बरं का! प्रत काढताना दुसरीकडेही चूक होऊ शकते. म्हणून सँगर पद्धतीने अख्खे जनुक वाचतात. त्या जागी A आणि T ची शिखरे एकावर एक दिसली, तर जुना-नवा डीएनए मिसळलेला आहे. मग दुसरी वसाहत घ्यायची. फक्त T असेल आणि बाकी सारे जुळेल, तरच पुढे जायचे.

शेवटी दोन्ही जनुकांपासून, अल्फा-ग्लोबिन सोबत देऊन, हिमोग्लोबिन बनवतात. प्राणवायू काढून घेतला, की बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे करते, साधे करत नाही. फरक एकाच अक्षराचा असल्याने दोषही त्याचाच.