आमच्या शेततळ्याचे गणित
(इयत्ता ७ वी)

आमचे गाव माण तालुक्यात आहे. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरात. नंतर हरभऱ्याला पाणी लागते तेव्हा विहीर तळाला गेलेली असते. म्हणून आबांनी शेततळे काढायचे ठरवले. शेजारच्या तात्यांचे तळे १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे. मशीनवाला म्हणाला, "तेवढंच काढा. पंधरा गुणिले पंधरा गुणिले तीन, पावणेसातशे घनमीटर पाणी. एक एकर आरामात भिजतंय."

आबा मला म्हणाले, "पोरी, तू बघ गं जरा हिशेब."

आधी पीक किती पाणी मागते ते पाहिले. आमचा हरभरा एक एकर, म्हणजे ४० गुंठे. गुंठा सुमारे १०० चौरस मीटरचा, म्हणून एकूण ४००० चौरस मीटर. आबा दोन पाणी देतात. एक फुले येण्याच्या सुमारास आणि दुसरे घाटे भरताना. प्रत्येक वेळी शेतावर ५ सेंटिमीटर पाणी धरले तर ४००० × ०.०५ = २०० घनमीटर झाले. दोन पाण्यांचे ४०० घनमीटर. (१ घनमीटर म्हणजे १००० लिटर, म्हणजे हे चार लाख लिटर!)

मग उन्हाने उडून जाणारे पाणी. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर ७५ दिवस होतात. रोज ४ मिलिमीटर पाणी उडते असे धरले तर ३०० मिलिमीटर झाले, म्हणजे आपली दप्तरातली पट्टी उभी धरली तेवढे. तेही तळ्यात जादा असायला हवे.

आता तळे खरोखर किती धरते? मशीनवाल्याचा गुणाकार बरोबर होता, पण तो पेटीचा होता, तळ्याचा नव्हे. तळ्याच्या भिंती उभ्या ठेवल्या तर ढासळतात. म्हणून १ मीटर खाली गेले की १ मीटर आत असा उतार देतात. ३ मीटर खोलीला चारी बाजूंनी ३-३ मीटर आत, म्हणून तळ फक्त ९ × ९ मीटर उरतो. शिवाय तळे काठोकाठ भरायचे नसते, नाहीतर पाणी बांध फोडते. वरचा अर्धा मीटर मोकळा सोडतात. म्हणजे पाणी अडीच मीटरच, आणि पाण्याचा वरचा पृष्ठभाग १४ × १४ मीटर.

गुरुजींनी अशा निमुळत्या आकाराची रीत दाखवली. वरचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि मधल्या उंचीवरच्या क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करायची, ६ ने भागायचे आणि खोलीने गुणायचे. मधे बाजू साडेअकरा मीटर येते.

(१९६ + ८१ + ५२९) ÷ ६ × २.५ = सुमारे ३३६ घनमीटर.

कुठे ६७५ आणि कुठे ३३६! दोन पाण्यांचे ४०० सुद्धा त्यात मावत नाहीत. ऐन घाटे भरताना तळे कोरडे पडले असते.

"मग केवढं काढू?" आबांनी विचारले. मी १८ × १८ धरून पाहिले. तळ १२ × १२, पाण्याचा पृष्ठभाग १७ × १७, मधली बाजू साडेचौदा.

(२८९ + १४४ + ८४१) ÷ ६ × २.५ = सुमारे ५३१ घनमीटर.

उडणारे पाणी २८९ × ०.३ = सुमारे ८७. पाणी उपसले की पृष्ठभाग लहान होतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच उडेल. ४०० आणि ८७ मिळून ४८७. बसले!

आई म्हणाली, "पण रान किती जाईल?" तेही काढले. लहान तळ्याला सव्वादोन गुंठे, मोठ्याला सव्वातीन. गुंठाभर रान जाते खरे, पण त्याच्यापायी एकरभर हरभऱ्याचे दुसरे पाणी वाचते. आईला ते पटले. गुंठ्यावरून आमच्या घरी आधी दोन दिवस वाद चालला होता ते मी लिहीत नाही.

तळे भरेल का? वरच्या अंगाचे ३ एकर रान आमच्या तळ्याकडे उतरते. पावसाचा दहावा भाग वाहून आला असे धरले तरी १२००० × ०.०५ = ६०० घनमीटर येतात. पावसाने दगा दिला तर मात्र एकाच पाण्यावर भागवावे लागेल.

एक गोष्ट मोजूनच कळली. जमीन पाणी धरते का हे पाहायला आबांनी हातभर खड्डा खणून संध्याकाळी भरला आणि मी काडीला खूण केली. सकाळी पाणी चार बोटे खाली! रात्री ऊन नसते, तेव्हा ते मुरमात झिरपले हे उघड आहे. असे मुरले तर वरचा सगळा हिशेब फुकट. म्हणून तळ्यात ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरायचे ठरले. त्याला टोचतील असे दगड आणि मुळ्या आधी वेचून काढायच्या आहेत, ते काम माझे आणि धाकट्या भावाचे.

परवा आबांनी १८ मीटरच्या खुणा करून फक्की मारली. कर्णही दोरीने मोजले. दोन्ही साडेपंचवीस मीटरच्या आसपास आले, म्हणजे चौकोन काटकोनात आहे.