आपल्या माणसांसाठीची लिंक

पौड, रविवार

चि. बंटी,



काल दुपारी आक्काचा फोन आला. "दादा, बंटीनं ग्रुपवर कायतरी टाकलंय. दाबलं की पाचशे रुपये मिळतात म्हणं. दाबू का?" मी म्हटलं, हात लावू नकोस. का, ते सांगताना मात्र माझीच जीभ अडखळली. विचारणारी तुझी आई आणि पाठवणारा तू. ग्रुपवर मी 'नको रे बाबा' एवढंच लिहिलं. बत्तीस जणांसमोर तुझा पाणउतारा करायचा नव्हता. बाकीचं इथं लिहितोय.

रात्री मी ती लिंक उघडली. नाव-नंबर काही भरला नाही, फक्त अटी वाचल्या. सोसायटीत तीस वर्षं कर्जरोख्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यात गेली, ती सवय अजून सुटलेली नाही. तू लिहिलंस, 'पाचशे भरा, पाचशे फ्री.' खाली लिहिलंय की भरलेले आणि फुकटचे मिळून जे हजार होतात, त्यांच्या वीस पट रकमेच्या पैजा लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. म्हणजे वीस हजारांची उलाढाल. आता त्यांचा भाव बघ. तुल्यबळ सामन्यात दोन्ही संघांना १.९०. एकानं या संघावर शंभर लावले, दुसऱ्यानं त्या संघावर शंभर. पेटीत आले दोनशे, जिंकणाऱ्याला गेले एकशे नव्वद. दहा रुपये पेटीतच राहिले, म्हणजे शेकडा पाच. वीस हजारांवर शेकडा पाच किती होतात? हजार. सरासरीनं, काढायची मुभा मिळेपर्यंत तुझे पाचशे गेले आणि त्यांचे 'फ्री' त्यांच्याकडेच परतले. एखाद्याचं नशीब उघडतं, नाही म्हणत नाही. पण त्याला मिळतं ते दुसऱ्याच्या खिशातलं.

हेही एक वेळ सोड, तुझे पैसे तू जाण. मी अडकलो ते पुढच्या कलमाशी. तुझ्या लिंकवरून आलेला माणूस जेवढं हरेल, त्यातले शेकडा वीस तुला. बंटी, तो जिंकला तर तुला काही नाही. तू वर काय लिहिलं होतंस? 'फक्त आपल्या माणसांसाठी.' म्हणजे आक्का डेअरीच्या खात्यातले हजार हरली, तरच तुला दोनशे मिळणार. हे तू वाचलं नसशील असं मी धरून चालतो.

आता माझं ऐक. हे तुझ्या मामीलाही अर्धंच माहीत आहे.

एकविसाव्या वर्षी मी पिंपरीला कंपनीत लागलो, तेव्हा मटका जोरात होता. मुंबईत कल्याणजी भगतानं १९६२ साली आणि रतन खत्रीनं १९६४ साली सुरू केलेल्या मटक्याचे आकडे आमच्या खोलीपर्यंत रोज पोचायचे. ओपन, क्लोज, जोडी. एका आकड्याला रुपयाचे नऊ, जोडीला नव्वद. आकडे दहा आणि मिळायचे नऊ, हे आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं, पण स्वतःच्या आकड्यापुढे गणित कोण करतो? मी तर खेळायचोही कमी. मी रायटर झालो होतो. खोलीतल्यांच्या, गावाकडून आलेल्यांच्या चिठ्ठ्या लिहायच्या, पैसे खायवालाकडे पोचवायचे आणि रुपयामागे पाच पैसे ठेवून घ्यायचे. मला वाटायचं, मी कुठं जुगार खेळतो, मी तर फक्त लिहून देतो.

आपला आबा माझ्याकडेच लावायचा. 'घरचा माणूस आहे, पैसे बुडवणार नाही,' म्हणून. त्यानं बैल विकला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बैल म्हातारा झाला. वर्षभरात माझ्या चिठ्ठ्यांवर त्याचे तीन हजार गेले होते. त्यात माझे किती, तर दीडशे. आबा मला कधी काही बोलला नाही. पुढे लावणीला दुसऱ्याचे बैल मागायला जाताना तो माझ्या दारावरून न जाता ओढ्याकडून जायचा. ते दीडशे मी त्याला कधी परत दिले नाहीत. द्यायला गेलो असतो तर कबूल करावं लागलं असतं.

म्हणून आक्काचा फोन आल्यापासून मला झोप नाही. मटका दिवसातून दोनदा उघडायचा, मधे शुद्धीवर यायला वेळ असायचा. तुझ्या ॲपमध्ये दर चेंडूला पैज आहे. पेटीचा हिस्सा मटक्याच्या निम्मा, पण फिरतो किती वेगानं!

आणखी एक. तू जिंकल्याचा जो फोटो टाकलास, त्यात ४,२०० रुपये कंपनीकडून नाही, कुणा माणसाच्या नावाच्या खात्यातून आले आहेत. पैसे भरायचा क्यूआरही दर वेळी वेगळ्या नावाचा येतो ना? ही भाड्यानं घेतलेली खाती असतात. त्यातल्या एकावर कुणी १९३० ला फसवणुकीची तक्रार केली, की पैसे जिथं जिथं गेले ती खाती बँक गोठवते. आक्कानं दोनशे रुपये जिंकले आणि तिचं दुधाचं खातं बंद पडलं, तर ती पोलिसांना काय सांगणार? ॲपही प्ले स्टोअरवर नाही, फाइल उतरवून घ्यायला लावतात आणि मेसेज वाचायची परवानगी मागतात. बँकेचे ओटीपी त्याच मेसेजमध्ये येतात.

'लीगल आहे' असं तू लिहिलंस, तेही खरं नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. जाहिरात करून दुसऱ्याला खेळायला लावणाऱ्याला मात्र दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरच्या ग्रुपवरचा मेसेज जाहिरात ठरतो की नाही, यावर वकील वाद घालतील. तो वाद तुझ्या नावावर व्हायला नको. मेसेज पुसून टाक. कुणी दाबलं असेल तर फोन करून थांबव, आणि पहिला फोन आक्काला कर.

खूप बोललो. लहानपणी तू खाऊसुद्धा सगळ्यांना वाटून मग खायचास, मला आठवतं. म्हणूनच मनात एक शंका येते. जिंकणारा माणूस गप्प जिंकतो रे. नातेवाइकांना लिंक पाठवायची वेळ येते ती बहुतेक आपलं गेलेलं भरून काढायला. तुझे किती गेले? हप्त्याचे पैसे त्यात गेलेत का? कुणाकडून उचललेत का?

येत्या शनिवारी राब भाजायचे आहेत. कवळं पसरून तयार आहेत, पण माझ्या गुडघ्यानं आता वाकवत नाही. तू ये. जुन्या आंबेमोहराचा थोडा तांदूळ शिल्लक आहे, मामीनं तो तुझ्यासाठी वेगळा काढलाय. आक्काला मी काही बोललेलो नाही, तुझ्याआधी बोलणारही नाही. तोंडानं सांगवत नसेल तर आकडा चिठ्ठीवर लिहून आण. चिठ्ठी वाचायची मला सवय आहे. या वेळी मात्र त्यातला हिस्सा घ्यायला नाही, भरायला बसेन.

तुझा
मामा