पत्र्याला फुटणारे कान

गोल ब्लँक, गोल पंच, गोल डाय. सगळं गोल असताना कपाचा काठ मात्र सपाट येत नाही. चार ठिकाणी उंचवटे आणि मध्ये चार उतार दिसतात. प्रेसशॉपमध्ये सगळे त्यांना कानच म्हणतात. भोसरीच्या बाजूला प्रेसशॉपला लागून असलेल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये माझी नोकरीची बरीच वर्षं गेली आणि त्यांतला मोठा हिस्सा या कानांमागे फिरण्यात गेला. हाती काय लागलं, ते सुचेल त्या क्रमाने सांगते.

१. कान दिसले की आधी ते कुणाचे आहेत ते विचारायचं, पत्र्याचे की डायचे. आमच्याकडचे डाय-सेटर काका नव्या मुलांना एकच वाक्य ऐकवत, “आधी रेघ मार, मग बोल.” ही रेघ म्हणजे ब्लँकवर सुईने ओढलेली रोलिंगची दिशा. तशी रेघ असलेला एक ब्लँक सरळ ठेवून कप ओढायचा आणि दुसरा त्याच डायमध्ये ४५ अंश फिरवून ओढायचा. कान रेघेबरोबर फिरले तर ते पत्र्यातून आलेत. रेघ फिरली आणि उंचवटा प्रेसच्या त्याच बाजूला राहिला तर मूळ सेटिंगमध्ये आहे: ब्लँक मध्यावर बसलेला नसतो, नाहीतर ब्लँक होल्डर एका अंगाला जास्त दाबत असतो. मध्य चुकलेल्या कपाची एक बाजू उंच आणि तिच्या समोरची बुटकी असते. पत्र्याचे कान जोडीने येतात आणि समोरासमोरचे दोन सारख्या उंचीचे असतात. ही चाचणी चहा संपायच्या आत होते. तरीही ती न करता पुरवठादाराला तक्रारीचं पत्र गेलेलं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

२. दाणे सूक्ष्मदर्शकाखाली छान गोलसर दिसले म्हणजे पत्रा सगळ्या दिशांना सारखा वागेल, असं मुळीच नाही. हे पटायला मला वेळ लागला, कारण डोळ्यांना दिसतो तो दाण्याचा आकार. त्याच्या आतली अणूंची मांडणी कुठे तोंड करून आहे, ते डोळ्यांना कळत नाही. धातूचा प्रत्येक दाणा ठरावीक पातळ्यांवर आणि ठरावीक दिशांनीच घसरू शकतो. रोलखाली पत्रा जाडीत दबतो आणि लांबीत वाढतो. शेजारच्या दाण्यांनी धरून ठेवलेलं असताना तो आकार गाठायचा, तर दाण्याला घसरता घसरता वळावंही लागतं. जाडी ६०-७० टक्के उतरेपर्यंत बहुतेक दाणे मोजक्याच कलांच्या आसपास गोळा झालेले असतात. याला टेक्श्चर म्हणतात. पुढे ॲनिलिंगमध्ये नवे दाणे जन्मतात, आकार पुन्हा गोलसर होतो, पण कल पुसला जात नाही. एका पसंतीच्या जागी दुसरी पसंती येते, एवढंच. ती पाहायला एक्स-रे लागतो, नाहीतर कपाचा काठ.

३. आर-मूल्य म्हणजे पत्रा जाडी किती जपतो त्याचं माप. १९५० मध्ये अमेरिकेत लँकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेसमध्ये पत्रा कसा वागेल ते ओळखण्यासाठी ते वापरलं. पट्टी ओढली की ती लांब होते, म्हणजे रुंदी आणि जाडी यांनी मिळून कमी व्हायलाच हवं. रुंदीतली विकृती भागिले जाडीतली विकृती म्हणजे आर. जाडीतला फरक इतका बारीक असतो की मोजण्यातली चूकच त्याला गिळून टाकते. म्हणून लांबी आणि रुंदी मोजायची आणि आकारमान बदलत नाही हे धरून जाडीचा हिशोब काढायचा.

एका डीप ड्रॉइंगच्या पोलादी पत्र्याचा हिशोब मांडते. जाडी १ मि.मी., पट्टीची रुंदी २० मि.मी., मोजायची लांबी ८० मि.मी. ती ९६ पर्यंत ओढली. रोलिंगच्या दिशेने कापलेल्या पट्टीची रुंदी १७.९० झाली, ४५ अंशांतलीची १८.१५ आणि आडव्या पट्टीची १७.८०. लॉगॅरिदमने विकृती काढल्या की आर येतात अनुक्रमे १.५५, १.१४ आणि १.७७. रुंदीत ०.०५ मि.मी. चुकलं तर १.५५ चं १.४६ होतं. म्हणून मापं घाईत घ्यायची नाहीत. पुढचं सूत्र सोपं आहे:

r̄ = (r₀ + 2r₄₅ + r₉₀) / 4
Δr = (r₀ − 2r₄₅ + r₉₀) / 2

सरासरी आली १.४०, डेल्टा आर ०.५२. सरासरी सांगते कप किती खोल ओढता येईल. डेल्टा आर सांगतो कान कुठे येतील. धन असेल तर रोलिंगच्या दिशेने आणि तिला काटकोनात, ऋण असेल तर ४५ अंशांवर.

४. एखाद्या दिशेला कान किती उंच येईल ते त्या दिशेच्या पट्टीवरून ठरत नाही, तिला काटकोनात कापलेल्या पट्टीवरून ठरतं. या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. ब्लँकचा काठ डायकडे सरकतो तेव्हा त्याचा परीघ लहान होत जातो. १०० मि.मी. व्यासाच्या ब्लँकला ५० मि.मी.च्या पंचावरून जायचं तर काठ जवळजवळ निम्मा आकसतो. म्हणजे काठावरचा पत्रा मुख्यतः परिघाच्या दिशेने दाबला जातो. दाबला गेलेला धातू एकतर बाहेर, कपाच्या उंचीत जाईल, नाहीतर जाडीत फुगेल. ही वाटणी करतो तो आर. आता रेघेच्या टोकाशी उभं राहून पाहा: तिथे परिघाची दिशा रेघेला आडवी आहे. म्हणून तिथे चालतो तो आडव्या पट्टीचा १.७७, आणि धातूचा ६४ टक्के वाटा उंचीत जातो. रेघेला काटकोनात असलेल्या जागी १.५५ चालतो, वाटा ६१ टक्के. ४५ अंशांवर काटकोन केला तरी दुसरा ४५ अंशच हाती येतो. तिथे १.१४ आणि वाटा ५३ टक्के. कान आणि उतार यांचा सगळा उगम या वाटणीत आहे. चार कानांपैकी रेघेवरचे दोन किंचित उंच का, तेही यातच मिळतं. प्रत्यक्षातला फरक या आकड्यांइतका मोठा नसतो. ही वाटणी फक्त अगदी काठावर खरी असते; आतला पत्रा आणि शेजारचा भाग एकमेकांना ओढून धरतात. पण मायक्रोमीटर लावून बघाच. डायमधली फट पुरेशी मोकळी असेल तर उताराजवळ काठ जाड लागतो आणि कानाजवळ पातळ.

५. कान कापून टाकले की प्रश्न मिटला असं वाटतं, पण त्यांची किंमत आधीच मोजलेली असते. वरच्या ब्लँकमधून निघणाऱ्या कपाची हिशोबी उंची ३७.५ मि.मी. समजा, कान ३९ ला पोचले आणि उतार ३६.५ ला थांबले. नकाशात ३७.५ उंची हवी आहे आणि ट्रिमिंगला किमान १ मि.मी. लागतो. म्हणजे उतार ३८.५ ला यायला हवा. त्यासाठी ब्लँकचा व्यास १०२ करावा लागतो, पत्रा ४ टक्के जास्त जातो आणि कप फाटण्याच्या मर्यादेकडे आपण तेवढेच सरकतो. दुसरा त्रास उशिरा लक्षात येतो. ओढ संपत आली की उताराचा काठ ब्लँक होल्डरखालून आधी सुटतो आणि सगळा दाब उरलेल्या चार टोकांवर येतो. ती चेपतात, पातळ होतात, कधी त्यांच्या चिंध्या तुटून डायमध्ये पडतात आणि पुढच्या कपांवर ओरखडे उमटतात. ओरखड्यांचं कारण वंगणात शोधण्याआधी कानांची टोकं पाहावीत.

६. खोली आणि सपाट काठ दोन्ही भरपूर मिळतील असं क्वचितच होतं. पोलादात चांगलं टेक्श्चर म्हणजे स्फटिकाच्या घनाचा लांब कर्ण पत्र्यावर उभा असणं. कोपऱ्यावर उभ्या ठेवलेल्या लुडोच्या फाशासारखं. असा दाणा जाडीत सहज दबत नाही, म्हणून आर वाढतो. फासे कोपऱ्यावर उभे राहून स्वतःभोवती कसेही वळलेले असतील तर कानही फारसे येत नाहीत. काही ठरावीक वळणांकडे गर्दी झाली की येतात. ॲल्युमिनियम-किल्ड पोलादात हे घडवायचं तर हॉट रोलिंगनंतर कॉइल कमी तापमानाला गुंडाळावी लागते, म्हणजे ॲल्युमिनियम आणि नायट्रोजन पोलादात विरघळलेले राहतात. मग बॅच ॲनिलिंगच्या सावकाश तापण्यात ते नायट्राइड होऊन बाहेर पडतात आणि हवे ते दाणे वाढायला मदत करतात. प्रेसवर उभं राहून यातलं काहीही दुरुस्त करता येत नाही.

७. ॲल्युमिनियमने माझी पोलादावर घडलेली समज पार हलवली. त्याचा सरासरी आर बहुधा १ च्या खालीच असतो, आणि कान कुठे येतील ते त्याच्या इतिहासावर असतं. कडक रोल केलेल्या पत्र्याला ४५ अंशांवर कान येतात. ॲनिलिंगमध्ये घनाच्या बाजू पत्र्याशी समांतर बसवणारं टेक्श्चर जोरात आलं, तर त्याच धातूला रेघेवर आणि काटकोनात येतात. पेयांच्या कॅनचा पत्रा बनवणारे लोक या भांडणाचाच उपयोग करतात. ३१०४ मिश्रधातूच्या गरम पट्टीत घनाचं टेक्श्चर आधी मुद्दाम भरपूर आणायचं आणि मग थंड रोलिंगचा कल त्यावर चढू द्यायचा. दोघे एकमेकांचे कान बरेचसे खाऊन टाकतात. त्यात कधी आठ लहान कानही उरतात. तेव्हा डेल्टा आर शून्याजवळ असूनही काठ लहरी दिसतो, कारण तीन दिशांच्या पट्ट्यांना मधल्या कोनांतलं काही ठाऊकच नसतं. हिल यांचं १९४८ चं गणितही या तीन मूल्यांवर चार कानांपलीकडे जात नाही. म्हणून ॲल्युमिनियमसाठी मी दर १५ अंशांना पट्टी कापायला सांगते आणि तेवढ्यावर न थांबता कप ओढूनही बघते.

८. ब्लँक गोल असलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. कॅनच्या कारखान्यांत ब्लँकची कड मुद्दाम हलकीशी लहरी ठेवतात: कान येणार तिथे थोडी आत, उतार येणार तिथे थोडी बाहेर. कप ओढून झाला की काठ बराचसा सरळ येतो. कॉइल थेट प्रेसमध्ये जाते तिथे हे जमतं, कारण ब्लँकचा कोन कॉइलशी बांधलेला असतो. सर्कल आधी कापून, गठ्ठ्यात रचून, हाताने डायवर ठेवायची असतील तर गोलच ब्लँक बरा. तिथे रोलिंगची रेघ गठ्ठ्यातच हरवलेली असते, आणि चुकीच्या कोनात बसलेली लहरी कड कान दुप्पट करून देते.