मजूर दगावला, विमा कंपनीला काय कळवायचं?

प्रश्न : मुरबाडला स्लॅबवरून पडून आमचा मजूर दगावला. कामगार भरपाईची पॉलिसी आहे. पुढे काय करू?

उत्तर : विमा कंपनीला आजच लेखी कळवा. पॉलिसी क्रमांक, अपघाताची वेळ आणि पगारपत्रक द्या. शवविच्छेदन अहवाल मागाहून चालेल. मजूर पोटठेकेदाराचा असेल, तर पॉलिसीत तशी नोंद आहे का ते आधी बघा. शहापुरात सरळांबेला २०२३ मध्ये समृद्धीच्या पुलावर २० जण गेले, तिथेही पोटकंत्राट होतंच.

भरपाईचा हिशोब असा. समजा वय ३०, महिन्याचा पगार १५,००० : निम्मे ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. ही रक्कम घरच्यांच्या हातात देऊ नका, ती भरपाईत धरत नाहीत. आयुक्तांकडेच जमा करा. विमा कंपनीच्या उत्तराची वाट बघत महिना उलटला, तर १२ टक्के व्याज लागतं. वर दंड झाला, तर तो तुमच्याच खिशातून.