कार्यमूल्यमापन अहवालांतून प्रशिक्षणाची यादी

दरवर्षी प्रतिवेदन अधिकारी आपल्या हाताखालील कर्मचाऱ्यांचे कार्यमूल्यमापन अहवाल लिहितात आणि त्यांत कामातील उणिवांची नोंद करतात. या नोंदींवरून कोणत्या कौशल्याचे प्रशिक्षण किती जणांना हवे, याची यादी तयार करता येते. मात्र शेरे जसेच्या तसे मोजले, तर यादी फसवी होते. हे कसे घडते, ते एका कल्पित पंचायत समितीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

या पंचायत समितीत 48 अहवाल आहेत. त्यांपैकी 31 अहवालांत उणिवांचे शेरे असून शेऱ्यांची एकूण संख्या 44 आहे. प्रथम प्रत्येक शेरा एका स्वतंत्र ओळीत, मूळ शब्दांतच उतरवून घ्यावा. त्यासमोर कर्मचाऱ्याचा क्रमांक, पद, सध्याचे काम आणि शेरा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे पद नोंदवावे. अहवाल गोपनीय असल्याने हे काम ज्याच्या ताब्यात अहवाल असतात त्यानेच करावे व नावे वेगळ्या कागदावर ठेवावीत.

उतारा पूर्ण झाल्यावर ढोबळ गट पडतात. येथे हिशेबाविषयी 19, संगणकाविषयी 9, लेखनाविषयी 9 आणि वर्तणूक व उपस्थितीविषयी 7 शेरे निघाले. शेवटच्या गटातील शेरे कौशल्याचे नसल्याने ते बाजूला ठेवावेत. उशिरा येणाऱ्यास वर्गात बसवून त्याची सवय बदलत नाही; तो पर्यवेक्षणाचा विषय आहे.

हिशेबाचा गट सर्वांत मोठा असल्याने त्याची छाननी उद्‌बोधक ठरते. ‘हिशेब कच्चे’, ‘रोकडवही अपूर्ण’, ‘लेखा आक्षेप प्रलंबित’ असे हे 19 शेरे होते. परंतु पाच जणांविषयी प्रत्येकी दोन शेरे असल्याने माणसे 14 च निघाली. मोजणी शेऱ्यांची नव्हे, माणसांची करावयाची असते.

या 14 जणांच्या रोकडवह्या पाहिल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. चौघा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त गावांचा कार्यभार होता. त्यांच्या मूळ गावाची नमुना 5 ची रोकडवही अद्ययावत होती. थकबाकी होती ती केवळ अतिरिक्त गावांत. ज्याला एका गावाची वही नीट लिहिता येते, त्याला ती लिहिण्याचे ज्ञान आहेच. त्याच्यापाशी वेळ नाही. अशांची नावे यादीत न घेता कार्यभार वाटपाच्या प्रस्तावात घ्यावीत.

उरलेल्या 10 जणांची अडचणही एक नव्हती. सहा जणांना रोकडवही व बँक पासबुक यांचा ताळमेळ घालता येत नव्हता, तर चौघांना लेखा आक्षेपाचे अनुपालन लिहिता येत नव्हते. म्हणून यादीत ‘लेखाविषयक ज्ञान’ असे मोघम न लिहिता, कर्मचाऱ्याला नेमके काय करता आले पाहिजे ते लिहावे.

इतर गटांचीही अशीच छाननी केली. संगणकाच्या गटातील आठ माणसांपैकी दोघांच्या कार्यालयात चालू संगणकच नव्हता. लेखनाच्या गटात नऊ माणसे असून त्यांची दोन कौशल्यांत विभागणी झाली. अखेरची यादी अशी झाली :

रोकडवही व पासबुक यांचा ताळमेळ : 6
संगणकावर नोंदी भरणे : 6
ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिणे : 5
लेखा आक्षेपांचे अनुपालन : 4
कार्यालयीन टिपणी लिहिणे : 4

बेरीज 25 होते. परंतु काही जणांची गणना दोन ओळींत झाल्याने प्रत्यक्ष माणसे 20 च आहेत. या दोन्ही संख्या यादीखाली द्याव्यात; अन्यथा वर्गाची व खर्चाची तरतूद चुकते. तसेच चार जणांसाठी स्वतंत्र वर्ग भरविण्यापेक्षा त्यांना जाणत्या लेखापालाच्या हाताखाली बसविणे किंवा जिल्ह्याच्या वर्गात पाठविणे सोयीचे ठरते.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. इतिवृत्ताविषयीचे पाचही शेरे एकाच प्रतिवेदन अधिकाऱ्याने लिहिलेले होते. अशा वेळी इतर गावांतील इतिवृत्ते उत्तम असतात असे नव्हे. तेथील अधिकाऱ्याने ती पाहिलीच नसतील. म्हणून त्या गावांतील पाच-सहा इतिवृत्त पुस्तके मागवून तपासावीत. त्यांतही ठरावाचा सूचक, अनुमोदक किंवा निर्णयाचे स्पष्ट शब्द नसतील, तर पाचाचा आकडा अपुरा आहे असे समजून तो सुधारून घ्यावा. शेरा नसलेले 17 अहवालही याच दृष्टीने वाचावेत. कोरी जागा म्हणजे कौशल्याचा दाखला नव्हे.