बिल हातात आलं की आधी काय विचारायचं

कोयनेच्या हिशेबात बसणार आहेस, तर पोरी, पुस्तकातल्या व्याख्या बाजूला ठेव आणि पाण्याची वाट बघ. शिवाजीसागराचं पाणी बोगद्यातून पोफळीला उतरतं, तिथे टप्पा एक आणि दोनच्या वीजगृहात वीज करतं. चौथ्या टप्प्याचा बोगदा वेगळा. दोन्हीकडचं पाणी कोळकेवाडीच्या धरणात साठतं आणि तिथून तिसऱ्या टप्प्याला मिळतं. या वाटेवरचा एकेक टप्पा तुझं परिव्यय केंद्र. म्हणजे खर्च जमा करायची जागा. त्या खर्चाला भागायचं कशानं, तर परिव्यय एककानं. इथे विजेचं युनिट. पण वीजगृहानं स्वतःच्या पंप-दिव्यांना वापरलेली युनिटं वजा कर, बाहेर पाठवलेलीच धर. नाहीतर दर उगाच स्वस्त दिसतो.

पोफळीच्या बोगद्याच्या दुरुस्तीचं बिल आलं तर ते एक आणि दोनमध्येच वाटायचं. सगळ्या टप्प्यांवर सारखं पसरवायचा मोह होतो, कारण ते सोपं असतं. वसाहतीचा खर्च मात्र माणसं मोजून वाट, मेगावॉट मोजून नको.

आता जनित्राच्या ब्रेक पॅडचं बिल घे. संच थांबवताना हे पॅड फिरत्या भागाला घासतात, काळी भुकटी पडते, ठरावीक झिजेनंतर बदलावे लागतात. स्वरूपानं विचारशील, तर हा माल. कार्यानं विचारशील, तर उत्पादनाचा खर्च; तोच माल कार्यालयाच्या जीपला लागला असता तर प्रशासनाचा झाला असता. वर्तनानं? नवखा चटकन म्हणतो, माल आहे म्हणजे बदलता. पण पॅड युनिटांवर झिजत नाहीत, थांबवण्यावर झिजतात. कोयनेचे संच संध्याकाळच्या मागणीला चालू-बंद होतात. लांब चाललेल्या संचाची युनिटं जास्त आणि पॅडची झीज कमी असू शकते. म्हणून लॉगबुकातून संच किती वेळा थांबला ते काढ आणि खर्च त्याच्याशी ताडून बघ.

जलविद्युतमध्ये कोळसा नाही, त्यामुळे बाकी बहुतेक खर्च स्थिर: पगार, घसारा, विमा. धर, एका टप्प्याचा वर्षाचा खर्च 40 कोटी आणि युनिटं 20 कोटी. दर पडला 2 रुपये. पुढच्या वर्षी पाऊस कमी, युनिटं 16 कोटी, दर 2.50. साहेब विचारतील, खर्च कुठे वाढला? कुठेच नाही. पाणी कमी आलं. भरल्या वर्षीही पश्चिमेला वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादानं 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे, त्यामुळे धरण भरलं म्हणून युनिटं हवी तेवढी वाढत नाहीत. दराच्या रकान्याशेजारी युनिटं आणि वापरलेलं पाणी लिहिल्याशिवाय तो कागद वर पाठवू नकोस.